चौथ्या मजल्यावर कोण? एका पझलचं शवविच्छेदन

मे महिन्यातली रविवारची दुपार. नागपुरात प्रतापनगरला ताईकडे जेवण झालं होतं आणि कूलरसमोर चटई टाकून मी आडवा होणार, तेवढ्यात भाचीने एक चुरगळलेला कागद पुढे केला. बँकेच्या प्रिलिम्सची तयारी करते ती. सकाळीच एक मॉक टेस्ट देऊन आली होती आणि त्यातल्या एकाच पझलने तिचा दिवस खराब केला होता.

"मामा, आठ क्लू बरोबर बसले. नववा नाही बसला. बाकी काहीच चुकलं नाही."

कागद पाहिला. त्यावर लहान लहान आठ तक्ते काढलेले, त्यातले सात खोडलेले, आणि आठवा सुबक, भरलेला, चौकट आखलेला. तिच्या म्हणण्याप्रमाणे या एका पझलला नऊ मिनिटं गेली. रीझनिंगचा पूर्ण विभाग वीस मिनिटांचा, त्यात ३५ प्रश्न. म्हणजे पाच प्रश्नांच्या या गठ्ठ्याला हिशेबाने तीन मिनिटांच्या आसपास द्यायला हवीत. मी स्वतः या परीक्षांमधूनच बँकेत लागलो, त्यामुळे नऊ मिनिटं म्हणजे काय ते मला कळतं. पण मला त्या नऊ मिनिटांपेक्षा तो आठवा तक्ता जास्त रंजक वाटला. तो खरोखरच आठ क्लूंना बसत होता.

पझल असं होतं. नावं आणि ठिकाण मी आपल्याकडचं केलंय, सांगाडा तोच.

सात मजल्यांची इमारत. सगळ्यात खालचा मजला १, त्याच्यावरचा २, असं करत सगळ्यात वरचा ७. अनघा, भास्कर, चारू, दिनेश, ईशा, गौरव आणि हेमंत हे सात जण एकेका मजल्यावर राहतात. सोमवार ते रविवार या एकाच आठवड्यात रोज एक जण, आणि प्रत्येक जण एकदाच, फुटाळा तलावावर फिरायला जातो.

१. चौथ्या मजल्यावरची व्यक्ती शुक्रवारी जाते.
२. गौरव हेमंतच्या वर राहतो आणि दोघांच्या मध्ये तीन मजले आहेत.
३. हेमंत जातो त्याच्या लगेच दुसऱ्या दिवशी गौरव जातो.
४. अनघा ईशाच्या लगेच वरच्या मजल्यावर राहते. ईशा सोमवारी जाते.
५. चारू दिनेशच्या खाली राहते, पण लगेच खाली नाही.
६. चारू दिनेशच्या नंतर कुठल्या तरी दिवशी जाते.
७. भास्कर सम क्रमांकाच्या मजल्यावर राहत नाही.
८. रविवारी जाणारी व्यक्ती गुरुवारी जाणाऱ्या व्यक्तीच्या लगेच वरच्या मजल्यावर राहते.
९. शुक्रवारी ना अनघा जाते, ना चारू.

वाचणाऱ्याने इथे थांबून स्वतः करून पाहिलं तर पुढचं जास्त कळेल.

मजल्यांच्या क्रमांकाबद्दल एक सांगायला हवं, कारण आपल्याकडे खाली पार्किंग आणि त्याच्या वरचा तो 'पहिला माळा'. ताईचं घर तिसऱ्या माळ्यावर म्हणतात, म्हणजे जमिनीपासून मोजलं तर चौथं. परीक्षेत पार्किंग नसतं. सगळ्यात खालचा तोच एक. भाचीने ही चूक केली नव्हती, पण दुसऱ्या क्लूच्या बाबतीत तिच्या कागदावर एक खोडाखोड होती. 'मध्ये तीन मजले' वाचून तिने आधी तीनचा फरक धरला होता, ७ आणि ४. मध्ये तीन मजले म्हणजे फरक चारचा. हे तिच्या लगेच लक्षात आलं, म्हणून ठीक. नाही आलं असतं तर पुढचं सगळंच वाया गेलं असतं आणि कुठे चुकलं तेही सापडलं नसतं.

आता तिने काय केलं ते पाहू. नकारार्थी क्लू म्हणजे सातवा आणि नववा. ते तिने बाजूला ठेवले. "मी ते शेवटी चेक करायला ठेवते. त्याच्यातून काही मिळत नाही ना, फक्त 'नाही' कळते." हे वाक्य मी बऱ्याच मुलांकडून ऐकलंय. 'गौरव हेमंतच्या वर' या क्लूमधून काहीतरी कागदावर मांडता येतं, 'अनघा नाही' यातून काय मांडायचं?

मग तिने दुसरा क्लू घेतला. गौरव आणि हेमंत यांच्या जागा तीनच होऊ शकतात: ७ आणि ३, ६ आणि २, ५ आणि १. प्रत्येकात अनघा-ईशा ही जोडी कुठे बसते ते तिने पाहिलं. पहिल्यात तीन ठिकाणी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. झाले आठ तक्ते. इथपर्यंत एकही चूक नाही. त्यातल्या दोन तक्त्यांत ईशा चौथ्या मजल्यावर येत होती. चौथा शुक्रवारचा, ईशा सोमवारची. ते दोन गेले. उरले सहा.

या सहांपैकी तिने एकेक घेऊन दिवस भरायला सुरुवात केली. सातवा क्लूही तिने इथे नाइलाजाने वापरला, कारण त्याशिवाय भास्कर कुठेही बसत होता. एकात तिला रविवार कुठेच बसवता आला नाही, तो योग्यच खोडला. बाकीच्यांत दोन-दोन शक्यता निघायला लागल्या की ती वैतागून खोडत होती. खरं तर ते तक्ते मेले नव्हते, फक्त वैताग आला होता. शेवटी एक तक्ता सरळ भरत गेला आणि एकच उत्तर देऊन थांबला. तो असा:

७ – भास्कर, रविवार
६ – दिनेश, गुरुवार
५ – गौरव, बुधवार
४ – अनघा, शुक्रवार
३ – ईशा, सोमवार
२ – चारू, शनिवार
१ – हेमंत, मंगळवार

तपासून बघा. पहिल्यापासून आठव्यापर्यंत एकही क्लू मोडत नाही. चारू दिनेशच्या चार मजले खाली, शनिवार गुरुवारच्या नंतर, रविवार गुरुवारच्या लगेच वर, सगळं जागच्या जागी. मग तिने शेवटचा क्लू तपासला आणि चौथ्या मजल्यावर, शुक्रवारी, अनघा बसलेली.

इथून पुढची दोन मिनिटं तिने डागडुजीत घालवली. अनघा आणि दिनेश यांचे मजले बदलून पाहिले. शुक्रवारी दिनेश आला, पण अनघा सहाव्यावर आणि ईशा तिसऱ्यावर, चौथा क्लू मोडला. मग मजले तसेच ठेवून फक्त दिवस बदलले. अनघा गुरुवारी, दिनेश शुक्रवारी. आता चौथ्या मजल्यावर शुक्रवार राहिला नाही, पहिला क्लू मोडला. घड्याळ धावत होतं, तिने मूळ तक्ता धरूनच पाच उत्तरं भरली.

त्या पाच प्रश्नांचा हिशेब मजेशीर आहे. सर्वात वर कोण राहतं, शनिवारी कोण जातं, दिनेश आणि चारू यांच्या मध्ये किती मजले, गुरुवारी जाणारी व्यक्ती कितव्या मजल्यावर, हे चार चुकले. हेमंत कोणत्या दिवशी जातो, हा पाचवा बरोबर आला, कारण तिच्या चुकीच्या यादीतही आणि खऱ्या यादीतही हेमंतचा वार मंगळवारच आहे. एक बरोबर म्हणजे एक गुण. चार चुकीच्या उत्तरांचे प्रत्येकी पाव गुण वजा, म्हणजे एक गुण वजा. नऊ मिनिटांची कमाई शून्य.

"एक क्लू फक्त चुकला ना मामा. तसं पाहिलं तर बरोबरच होतं."

या 'तसं पाहिलं तर'साठीच मी उठून बसलो.

मी तिला विचारलं, नववा क्लू पेपरात छापलाच नसता, तर अशा पूर्ण भरलेल्या, आठही क्लूंना बसणाऱ्या याद्या किती निघाल्या असत्या? तिला वाटलं दोन, फार तर तीन. मग तिने खोडलेले तक्ते आम्ही परत उघडले आणि शांतपणे मोजले. कूलरच्या वाऱ्याने कागद उडत होते, ताईने पानाच्या डब्यातला अडकित्ता वर ठेवून दिला. अर्धा तास लागला. गौरव ७ आणि हेमंत ३ धरून तीन याद्या. ६ आणि २ धरून चार. ५ आणि १ धरून दोन. एकूण नऊ.

नऊ याद्या, सगळ्या आठ क्लू पाळणाऱ्या, आणि त्यातली एकच बरोबर. तिच्या हाती लागलेली यादी 'जवळपास बरोबर' नव्हती. नऊ चिठ्ठ्यांमधून डोळे मिटून एक उचलावी तशी ती होती. बाकीच्या आठ बाद करण्याचं पूर्ण काम पेपर काढणाऱ्याने त्या एका 'ना-ना'वर सोपवलं होतं, आणि नेमका तोच क्लू तिने तपासणीसाठी राखून ठेवला होता.

डागडुजी का जमली नाही तेही यातूनच कळतं. खरी यादी बाकीच्या आठांपैकी कोणत्याच यादीपासून एका अदलाबदलीवर नाही. तिची यादी आणि खरी यादी यांत सातपैकी सहा जणांचा मजला वेगळा आहे. फक्त चारू दोन्हीकडे दुसऱ्यावर. भरलेली यादी शेवटी एका क्लूवर अडखळली, तर दोन नावं फिरवून ती दुरुस्त होईल ही आशा सोडून द्यावी. तक्ता मेला असं समजून मागच्या फांदीवर जावं. अर्थात त्यासाठी मागच्या फांद्या खोडायच्या आधी त्या का खोडल्या, हे कोपऱ्यात लिहिलेलं हवं. 'मोडतो' आणि 'दोन उत्तरं येतात' या दोन्हींना तिच्या कागदावर एकच फुली होती.

मग नवा कागद घेतला. ७ ते १ आकडे वरून खाली लिहिले. या वेळी नियम एकच ठेवला: कोणाला कुठे बसवायचं ते नंतर, आधी कोण कुठे बसू शकत नाही ते लिहायचं.

गंमत अशी की 'नाही' हे फक्त नकारार्थी क्लूंमध्ये नसतं. दुसरा क्लू पाहा. गौरव हेमंतच्या चार मजले वर. म्हणजे गौरव १ ते ४ वर नाही, आणि हेमंत ४ ते ७ वर नाही. तिथून चार मजले खाली उतरायला किंवा वर चढायला जागाच नाही म्हणून. त्यातून एक गोष्ट आपोआप निघते: चौथ्या मजल्यावर या दोघांपैकी कोणीच असू शकत नाही. सात मजल्यांत चारचा फरक पाडायचा तर मधला मजला रिकामाच राहतो. चारमध्ये चार मिळवले तर आठ, वजा केले तर शून्य, आणि इमारतीला ना आठवा मजला आहे ना शून्यावा. नात्याचा क्लू वाचला की त्याच्या दोन्ही टोकांना असे 'नाही' लपलेले असतात, ते काढून घ्यायचे.

"आता चौथ्या मजल्यावर बोट ठेव," मी म्हटलं. "तिथे कोण नाही?"

तिने एकेक म्हणत लिहिलं. गौरव नाही, हेमंत नाही. भास्कर नाही, चार सम आहे. ईशा नाही, ती सोमवारी जाते आणि हा मजला शुक्रवारचा. इथे ती थांबली. मग तिचं बोट पहिल्या क्लूवरून नवव्यावर गेलं. शुक्रवारी अनघा नाही, चारू नाही. शुक्रवार म्हणजे चौथा मजला. म्हणजे चौथ्यावर अनघा नाही, चारू नाही.

सहा जण गेले. उरला दिनेश.

"एवढंच होतं?" ती म्हणाली, आणि जरा रागानेच म्हणाली.

एवढंच नव्हतं, पण कुलूप इथे होतं. पहिला क्लू मजल्यांची बाजू आणि दिवसांची बाजू यांना एका ठिकाणी शिवतो. 'शुक्रवारी अनघा नाही' हे दिवसाबद्दलचं वाक्य त्या टाक्यातून पलीकडे गेलं की मजल्याबद्दलचं वाक्य होतं. तिने पहिला क्लू तक्त्यात लिहिला होता, नववाही वाचला होता, पण दोघांची गाठ घालायची तिला सुचली नाही, कारण नववा 'शेवटच्या' खान्यात होता. ज्या पझलमध्ये दोन गोष्टी जुळवायच्या असतात, मजला आणि वार, त्यात पक्क्या क्लूने जोडलेली ही चौकट पहिल्यांदा पाहायची. तिथे दोन्ही बाजूंचे 'नाही' येऊन साठतात, म्हणून ती सगळ्यात लवकर भरते.

पुढचं तिने स्वतः केलं, मी फक्त बघत होतो. दिनेश चौथ्यावर, मग चारू त्याच्या खाली पण लगेच खाली नाही, म्हणजे १ किंवा २. गौरव-हेमंत यांच्या तीन जागा परत तपासल्या. ६ आणि २ धरलं तर चारच्या वर ५ आणि ७ उरतात, खाली १ आणि ३. अनघा-ईशाला लागून दोन मजले हवेत, ते कुठेच नाहीत. ही शक्यता एका ओळीत गेली.

५ आणि १ धरलं तर अनघा-ईशा ७ आणि ६ वर, किंवा ३ आणि २ वर. तीन-दोन घेतले तर चारूला जागा उरत नाही. म्हणून ७ अनघा, ६ ईशा, ५ गौरव, ४ दिनेश, १ हेमंत, चारू २ वर आणि भास्कर ३ वर.

७ आणि ३ धरलं तर अनघा ६, ईशा ५. (२ आणि १ वर त्यांना बसवलं तर चारू पुन्हा रस्त्यावर.) उरले १ आणि २, भास्कर विषम मजल्यावर, म्हणून भास्कर १, चारू २.

आठाऐवजी दोन तक्ते. आता दिवस. दोन्हीकडे सोमवार ईशाचा, शुक्रवार दिनेशचा. चारू दिनेशच्या नंतर, म्हणजे शनिवारी किंवा रविवारी. हेमंत आणि गौरव यांना लागोपाठचे दिवस हवेत, तर मंगळवार-बुधवार, नाहीतर बुधवार-गुरुवार. शनिवार-रविवार त्यांना मिळणार नाहीत, एक चारूला द्यायचा आहे.

आठव्या क्लूकडे ती आली तेव्हा तिने गुरुवार कुठे बसेल ते शोधायला सुरुवात केली. मी म्हटलं, रविवार शोध. गुरुवारला उमेदवार तीन आहेत. रविवारलाही तीनच, पण त्यातल्या प्रत्येकाच्या खालचं घर भरलेलं किंवा अर्धं भरलेलं आहे.

पहिल्या तक्त्यात (गौरव ५) रविवारी अनघा? तिच्या लगेच खाली ईशा, सोमवारची. नाही. भास्कर? त्याच्या खाली चारू, ती गुरुवारी जाऊ शकत नाही. चारू? तिच्या खाली हेमंत, म्हणजे हेमंत गुरुवारी आणि गौरव शुक्रवारी. शुक्रवार दिनेशचा. नाही. रविवारला माणूसच मिळत नाही, तक्ता मेला. या वेळी तिने फुलीशेजारी लिहिलं: 'रवि नाही'.

दुसऱ्यात अनघाच्या खाली पुन्हा ईशा. भास्कर सगळ्यात खाली, त्याच्या खाली कोणीच नाही. उरली चारू, तिच्या खाली भास्कर, तो गुरुवारी. गुरुवार भास्करला गेला म्हणून हेमंत मंगळवारी आणि गौरव बुधवारी. शनिवार अनघाचा.

७ – गौरव, बुधवार
६ – अनघा, शनिवार
५ – ईशा, सोमवार
४ – दिनेश, शुक्रवार
३ – हेमंत, मंगळवार
२ – चारू, रविवार
१ – भास्कर, गुरुवार

सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्यात बोलणं पुष्कळ होतं.

प्रत्येक नकारार्थी क्लू असा तक्त्यात ठोकता येत नाही, हे तिला त्याच वेळी सांगायला हवं होतं. 'भास्कर सम मजल्यावर नाही' हे एका माणसाचं आणि ठरलेल्या घरांचं वाक्य आहे, ते वाचताक्षणी तीन फुल्या मारता येतात. पण समजा असं असतं: 'हेमंत आणि चारू लगतच्या मजल्यांवर राहत नाहीत'. या वाक्यात घर नाही, फक्त दोन माणसं आहेत. दोघांपैकी एक जागेवर बसेपर्यंत त्याची फुली कुठेच मारता येत नाही. असे क्लू तक्त्याच्या शेजारी लिहून ठेवायचे आणि त्यातलं एक नाव बसलं रे बसलं की दुसऱ्याची फुली मारायची. भाची दोन्ही प्रकार एकाच पिशवीत टाकत होती आणि पिशवी शेवटी उघडत होती.

शिवाय सगळ्या पझलमध्ये चौथ्या मजल्यासारखी चौकट तयार मिळतेच असं नाही. नाही मिळाली तर नात्यांची सगळ्यात लांब साखळी धरून तक्ते करणं हाच मार्ग, तिने केला तोच. फक्त तक्ते काढायच्या आधी अर्धा मिनिट फुल्या मोजाव्यात. कुठल्या घरात पाच किंवा सहा जमतात का ते दिसतंच.

चहा झाला. ती म्हणाली, "आता दुसरं द्या. हेच देऊ नका, हे पाठ झालं."

नवीन कुठून आणणार? मी तेच फिरवलं. पहिले आठ क्लू तसेच ठेवले. नवव्यात अनघाच्या जागी दिनेश लिहिलं: शुक्रवारी ना दिनेश जातो, ना चारू. आणि एक दहावा जोडला: गौरव रविवारी जात नाही.

तिने थेट चौथ्या मजल्यावर बोट ठेवलं. गौरव, हेमंत, भास्कर, ईशा, दिनेश, चारू, सगळ्यांना फुली. अनघा चौथ्यावर, शुक्रवारी. म्हणून ईशा तिसऱ्यावर. तिसरा गेला म्हणून हेमंतची ३ ही जागा गेली, उरल्या दोनच शक्यता. मिनिटाच्या आत. मग मात्र ती अडकली. बराच वेळ खालमानेने लिहीत राहिली, खोडलं काहीच नाही.

"मामा, दोन याद्या येऊन राहिल्या. दोन्ही बसून राहिल्या."

गौरव ६ आणि हेमंत २ धरून तिला एक मिळाली होती: वरून भास्कर रविवार, गौरव गुरुवार, दिनेश मंगळवार, अनघा शुक्रवार, ईशा सोमवार, हेमंत बुधवार, चारू शनिवार. गौरव ५ आणि हेमंत १ धरून दुसरी. सकाळची ती असती तर पहिली मिळाल्यावर थांबली असती, हे तिनेच कबूल केलं.

दोन येणारच होत्या, मी मुद्दाम एक क्लू कमी दिला होता. पण उत्तरं सांगण्याआधी मी तिला प्रश्न विचारले. सगळ्यात वर कोण? दोन्हीकडे भास्कर, म्हणजे उत्तर देता येतं. शनिवारी कोण? दोन्हीकडे चारू, तेही देता येतं. हेमंत कोणत्या दिवशी? एकीकडे बुधवार, दुसरीकडे मंगळवार. इथे 'ठरवता येत नाही' हाच पर्याय. प्रिलिम्समध्ये बहुतेक वेळा एकच यादी निघते, पण दोन उरल्या म्हणून पझल सोडून द्यायचं कारण नाही. दोन्ही शेजारी ठेवून जे सारखं आहे त्यावरचे प्रश्न बेलाशक सोडवावेत.

"आणि एकच हवी असली तर?"

मी अकरावा क्लू लिहिला: गौरव सम क्रमांकाच्या मजल्यावर राहत नाही. तिने सहाव्यावरच्या गौरवला फुली मारली, पहिली यादी खोडली, शेजारी 'सम' लिहिलं. उरलेली यादी वरून खाली वाचायला लागली. भास्कर रविवार, दिनेश गुरुवार, गौरव बुधवार, अनघा शुक्रवार... मध्येच थांबली, अडकित्त्याखालचा सकाळचा चुरगळलेला कागद ओढला आणि चौकट आखलेल्या त्या आठव्या तक्त्याशेजारी नवा कागद धरला.

"हे तर माझंच आहे," ती म्हणाली.

आत ताई हसली. तिला पझल काही कळलं नव्हतं, पण पोरीचा आवाज बदललेला कळला होता.